मुलाखतीची वेळ बदलून मागणारा ईमेल

गुरुवारी ११ वाजता मुलाखत आहे, पण नेमकं तेव्हाच ऑफिसात क्लायंटचं ऑडिट लागलंय. एचआरला काय लिहू?

आजच लिहा, आणि निमंत्रण आलेल्या ईमेललाच रिप्लाय करा. कॅलेंडरवरचं निमंत्रण आधी नाकारू नका. समोर नुसता नकार दिसतो, कारण नाही.

"नमस्कार मॅडम, गुरुवारी ११ वाजता सध्याच्या नोकरीतली एक टाळता न येणारी जबाबदारी आली आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व. शुक्रवारी १० ते १ किंवा सोमवारी ४ नंतर मुलाखत ठेवता येईल का? या पदासाठी मी नक्कीच उत्सुक आहे."

क्लायंटचं नाव, ऑडिटचा तपशील लिहू नका. आजच्या कंपनीची गुप्तता तुम्ही पाळत नाही, तर उद्या आपलीही पाळणार नाही, असं एचआरला वाटतं. दिलेल्या दोन्ही वेळा मात्र खरंच मोकळ्या ठेवा. दुसऱ्यांदा बदल मागणं महागात पडतं. बुधवारी दुपारपर्यंत उत्तर नसेल तर सरळ फोन करा.