बेज पँटवर क्रीम शर्ट का जमत नाही

भाऊ, रंगाच्या नावाआधी फिका-गडद फरक बघ. बेज पँट आणि क्रीम शर्ट, दोन्ही सारखेच फिके, म्हणून लांबून एकच कापड वाटतं. मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट कर, लगेच दिसेल. बेजवर नेव्ही किंवा बॉटल ग्रीन शर्ट घाल. नेव्ही पँटवर पांढरा, आकाशी, फिका गुलाबी. ग्रे सगळ्यात सोपी, फिक्या ग्रेवर मरूनही छान. काळ्या पँटवर पांढरा किंवा फिका राखाडी. गडद निळा नको.

जळगावला फुले मार्केटमध्ये जाशील तेव्हा पँट सोबत ने आणि शर्टाशेजारी दुकानाबाहेर उन्हात धर. ट्यूबलाइटखाली नेव्ही काळीच दिसते. मी तशी चुकीची पँट घेऊन घरी आलोय.