‘करारवक्र’ म्हणजे नक्की कसला करार?

प्रश्न : अर्थशास्त्रात दोन माणसांमधली दोन वस्तूंची वाटपं दाखवणाऱ्या देवाणघेवाणीच्या चौकटीतल्या रेषेला ‘करारवक्र’ म्हणतात. आकृतीत करार कुठेच दिसत नाही, मग करार कसला? आणि त्या रेषेवरचं वाटप ‘कार्यक्षम’ म्हणजे न्याय्य का?

इथला ‘करार’ स्टॅम्पपेपरवरचा नाही. अर्थशास्त्रज्ञ एजवर्थने १८८१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा दोघांच्या राजीखुशीने होणारा सौदा त्याच्या मनात होता. जो सौदा दोघांच्याही संमतीने पुन्हा बदलता येत नाही, तो पक्का. असे सगळे पक्के सौदे जोडले की करारवक्र मिळतो. आपण आज काढतो ती चौकट मात्र परेटो या अर्थशास्त्रज्ञाने काढली.

उदाहरण घेऊ. सुमनकडे ८ किलो तांदूळ आणि २ किलो डाळ, शांताकडे २ किलो तांदूळ आणि ८ किलो डाळ. दोघींचं समाधान तांदूळ आणि डाळ यांच्या गुणाकाराने मोजू : सुरुवातीला दोघींचं १६. सुमनला किलोभर तांदूळ सोडायला पाव किलोच्या दराने डाळ पुरते, शांता त्याच किलोला चार किलोच्या दराने डाळ द्यायला तयार आहे. दरांत एवढी तफावत असेपर्यंत सौद्याला जागा आहे. आकृतीत या बिंदूपाशी दोघींचे समवृत्ती वक्र, म्हणजे सारखंच समाधान देणारे बिंदू जोडणाऱ्या रेषा, एकमेकांना छेदतात आणि मध्ये भिंगासारखा भाग सुटतो. दोघींचा फायदा त्या भिंगात.

तीन किलो तांदळाला तीन किलो डाळ दिली, तर दोघींकडे ५-५ किलो येतात आणि समाधान २५ होतं. आता वक्र नुसते टेकतात, छेदत नाहीत. पण सुमनने ४ किलो तांदूळ देऊन २ किलोच डाळ घेतली, तर ती १६ वरच राहते आणि शांता ३६ वर जाते. तेही वाटप करारवक्रावरच आहे. दुसऱ्या टोकाला शांता १६ वरच राहते आणि सुमन ३६ वर जाते. घासाघीस या दोन टोकांच्या मध्ये चालते : सुमनकडे दोन्ही वस्तू ४-४ किलो ते ६-६ किलो.

सुमनकडे ९-९ आणि शांताकडे १-१ किलो, हे वाटपही रेषेवर आहे, म्हणून ‘कार्यक्षम’च. फक्त शांता १६ सोडून १ वर राजीखुशीने येणार नाही. म्हणजे करारवक्राचा बराचसा भाग असा की तिथे या दोघींचा करार होणारच नाही. शब्द फसवतो तो इथेच.

‘कार्यक्षम’ एवढंच सांगतो : एकीचं नुकसान केल्याशिवाय दुसरीचं भलं करता येत नाही. न्यायाबद्दल तो गप्प आहे. उलट, आवडी वेगळ्या असतील तर निम्मं-निम्मं वाटपही अकार्यक्षम ठरू शकतं. म्हणून याच अर्थाने वापरल्या जाणाऱ्या ‘इष्टतम’ या शब्दापेक्षा ‘कार्यक्षम’ बरा वाटतो, कारण ‘इष्ट’ म्हटलं की ते हवंसंच असणार असा समज होतो.

आकृती काढताना शांताचा आरंभबिंदू उजवीकडे वरच्या कोपऱ्यात असतो. तिचे आकडे तिथून डावीकडे आणि खाली मोजायचे. ते डावीकडून वाचले, तर तिचा तांदूळ २ ऐवजी ८ दिसतो आणि पुढचं सगळं उलटतं.