नव्वदचे ऐंशी करू का?

«वाकडला आमचं लाँड्रीचं दुकान आहे. धुणं आणि इस्त्री मिळून ९० रुपये किलो घेतो. शर्ट, साड्या, ब्लँकेटं, सगळं एकाच भावात. महिन्याला हजार किलो कपडे येतात. इस्त्रीवाल्याला नगाला ५ रुपये देतो. वीज, पाणी, पावडर, पिशव्या धरून किलोला २५ पडतात. भाडं आणि मशीनचा हप्ता ३२ हजार. समोरच्याने ८० रुपये किलोचा बोर्ड लावलाय. आपणही ८० करावेत की नगावर जावं? दुसरं मशीन घ्यायचं आहे, त्यासाठी बँकेतल्या साहेबांनी कर्जासोबत वर्षाला ६० हजारांची पॉलिसी दिली, तीन आठवड्यांपूर्वी कागद आले.»
— एक वाचक, पुणे

आधी पॉलिसी, कारण तिथे दिवस मोजून उरलेत. कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते आणि किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. आजच विमा कंपनीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पॉलिसी घेतल्याशिवाय कर्ज मिळत नाही, असा कुठलाही नियम नाही. मशीनसाठी पैसे साठवायचे तर आवर्ती ठेव पुरते. त्यासाठी विमा कशाला? तुमच्या जिवावर घर चालत असेल तर साधा मुदत विमा घ्या, तो याच्या तुलनेत खूप स्वस्त पडतो.

आता भाव. किलोत साधारण पाच शर्ट बसतात. इस्त्रीचे २५ आणि इतर २५ गेले की ९० मधून ४० सुटतात. हजार किलोचे ४० हजार, त्यातून ३२ हजार गेले की राहतात ८. म्हणजे दिवसभर दुकानात उभं राहण्याचा तुमचा पगार आठ हजार, आणि पॉलिसीचे महिन्याला पाच त्यातूनच. भाव ८० केला तर किलोमागे ३० सुटतील. तेच आठ हजार मिळवायला कपडे तेराशे किलोंच्या वर जायला हवेत. स्वस्त केलं की गिऱ्हाईक आपोआप वाढेल हा हिशोब नाही, आशा आहे.

पण तुमचं खरं नुकसान त्या दहा रुपयांत नाही, "सगळं एकाच भावात" या शब्दांत आहे. धुलाईचा खर्च वजनावर जातो, इस्त्रीचा नगावर. जीन्स किलोत जेमतेम दोन बसतात, इस्त्रीला १० लागतात. लहान मुलांचे कपडे किलोत बारा येतात, इस्त्रीला ६०. तिथे ९० मधून तुमच्या हाती ५ रुपये पडतात आणि ८० केलेत तर पाच खिशातून जातात. समोरचाही बहुधा हेच करतोय. त्याला करू द्या.

दोन्ही वेगळं करा. धुऊन घडी ६० रुपये किलो, इस्त्री नगाला ८. पाचांतले तीन कपडे इस्त्रीला दिले तर गिऱ्हाइकाचं बिल ८४ होतं आणि तुम्हाला ४४ सुटतात. टी-शर्ट, बनियन, मुलांचे कपडे बहुतेक लोक नुसते घडी करून नेतील. बोर्डावर ६० जितक्या मोठ्या अक्षरांत, तितक्याच मोठ्या अक्षरांत "इस्त्री वेगळी" लिहा, नाहीतर पहिल्याच बिलाला भांडण. वजन कोरड्या कपड्यांचं, गिऱ्हाइकासमोर करा. ओला टॉवेल असेल तर बाजूला काढा, पाण्याचे पैसे लावू नका. काट्यावर वैधमापन विभागाचा यंदाचा शिक्का आहे ना, तेही बघा.

ब्लँकेट किलोवर अजिबात नको. अडीच किलोच्या जाड रजईचे तुम्ही २२५ घेता, पण ती दहा किलोचा ड्रम एकटी अडवते. ड्रम वजनाने नाही, फुगवट्याने भरतो. त्याच फेरीत सात किलो कपडे धुतले असते तर आजच्या भावाने ६३० आले असते. शिवाय रजई आतून वाळायला दुप्पट वेळ लागतो. घाईत काढलेली रजई वरून कोरडी लागते आणि पिशवीत दोन दिवसांत कुबट वास मारते. सिंगलला ३५० आणि डबलला ४५० हा भाव जास्त वाटेल, पण आज तो फरक तुमचे शर्टवाले भरतात.

साडीचं उलटं आहे. जरीची साडी अर्ध्या किलोची, म्हणजे ४५ रुपयांत तुम्ही हजारोंची जोखीम घेता. भाव नगावर ठेवा आणि घेतानाच तपासा: पांढरा फडका ओला करून आतल्या काठाजवळ दाबून धरा. रंग उतरला तर साडी पाण्यात घालू नका; ड्रायक्लीनवाल्याकडे पाठवून मधले चाळीस-पन्नास रुपये घ्या, नाहीतर सरळ नाही म्हणा. जुना डाग, विरलेला काठ, सुटलेला फॉल पावतीवर गिऱ्हाइकासमोर लिहा. "नुकसानीस जबाबदार नाही" हे छापील वाक्य भांडणात फारसं टिकत नाही, तारखेसह लिहिलेली नोंद कामाला येते.

नवे भाव लावण्याआधी गेल्या महिन्याच्या पावत्या काढा आणि ब्लँकेटं किती, मुलांचे कपडे किती ते मोजा. पावत्यांवर नुसतंच वजन असेल तर उद्यापासून नगही लिहायला लागा. दुसऱ्या मशीनचा विचार ते आकडे हातात आल्यावर. आहे तेच मशीन थंडीत रजयांनी अडलेलं असेल, तर दुसऱ्याची गरजच नसेल.