पहिल्या ‘नको’नंतरचं एक वाक्य

प्रिय मित्रा,

परवा मी तुझ्या मागच्याच टेबलावर होतो. हॉटेलमालकांना तू केलेले फोन मी ऐकले. ‘नको’ शब्द आला की तुझा बोलण्याचा वेग दुप्पट होतो, म्हणून हे पत्र.

आधी सुरुवात दुरुस्त करू. ‘सर, कसे आहात?’ हे काढून टाक. अनोळखी माणसाने तब्येत विचारली की मालकाला लगेच कळतं, काहीतरी विकायला आलाय. त्याऐवजी असं म्हण:

‘नमस्कार साहेब. वागळे इस्टेटमधून बोलतोय, आग विझवायच्या सिलिंडरचं आमचं काम. आपली ओळख नाही, पहिल्यांदाच फोन करतोय. अर्धा मिनिट बोलू का?’

‘बोला’ म्हणाले तर कारण सांग: ‘जुलैचा बी फॉर्म जवळ आलाय. त्याआधी सिलिंडर तपासून, लागलं तर रिफिल करून देतो. तुमच्याकडे हे काम कोण बघतं?’ एवढं विचारलं की गप्प बस. ती शांतता तुला लांब वाटते, समोरच्याला नाही. आणि समोरचा हिंदीत बोलला तर तूही हिंदीत बोल, मराठी रेटू नकोस.

बी फॉर्मचं तुला ठाऊक आहेच. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा हा दाखला परवानाधारक एजन्सीकडून घेऊन जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. आपल्याकडे परवाना आहे म्हणून हे वाक्य आपण बोलू शकतो. पण आवाजात ‘फायर ब्रिगेडमधून बोलतोय’ असा भास आणू नकोस. काही पोरं ते मुद्दाम करतात. घाबरलेला मालक हो म्हणतो, आणि संध्याकाळी शेजारच्या दुकानदाराशी बोलला की सगळा रस्ता तुमच्यावर बंद होतो.

आता ‘नको’. पहिला नकार बहुधा तुझ्या मालाला नसतोच, मध्येच वाजलेल्या फोनला असतो. गल्ल्यावर गिऱ्हाईक उभं असतं, तोंडातून आपोआप ‘नको’ निघतं. त्याच्याशी वाद घालायचा नाही. त्याचं म्हणणं मान्य करायचं आणि त्याच्याच उत्तरातून एकच प्रश्न विचारायचा.

जांभळी नाक्याजवळच्या एका मिठाईवाल्या शेठजींचं सांगतो. मी बोलायला लागलो तोच ते म्हणाले, ‘नको, आमचा माणूस आहे.’ मी म्हटलं, ‘मग उत्तमच, शेठ. त्याचं काम मला काढून घ्यायचं नाही. फक्त एक सांगा, त्याने शेवटचं रिफिल कधी केलं?’ त्यांना आठवेना. ‘लेबलवर असेल, बघता का?’ फोन गल्ल्यावर ठेवून ते उठले. परत आले ते आवाज बदलूनच: तारीख पुसलेली आणि मीटरचा काटा हिरव्या पट्ट्याबाहेर, लाल भागात. म्हणजे आतला दाब गेलेला. मी तिथे काहीच विकलं नाही. ‘आजच तुमच्या माणसाला बोलवा, नाही आला तर मी आहे,’ म्हणून नंबर दिला. त्यांनी काम जुन्या माणसालाच दिलं. मला फोन आला तो चार महिन्यांनी, दुसऱ्या दुकानासाठी.

‘आता वेळ नाही’ असं उत्तर आलं तर प्रश्न वेगळा: ‘चार वाजता करू की उद्या?’ सांगितलेल्या वेळेला खरंच फोन कर. ‘व्हॉट्सॲपवर पाठवा’ हा बहुतेकदा सभ्य नकारच असतो. चार ओळी पाठव, पीडीएफ नको. आणि ‘किती घेता?’ याला नकार समजून घाबरू नकोस, तो माणूस ऐकतोय.

दुसऱ्यांदा ‘नको’ आलं की मात्र थांब. ‘फोन घेतलात, आभार. तुमचा नंबर यादीतून काढतो,’ म्हण आणि खरंच काढ. परवा त्या पोळीभाजी केंद्राच्या बाईंना तू तिसऱ्यांदा समजावत होतास, तेव्हा मला उठून फोन ठेवावासा वाटला.

आणखी एक, स्वतःच्या मोबाइलवरून हे फोन लावू नकोस. विक्रीच्या फोनसाठी कंपनीने नोंदणी करून 140 ने सुरू होणारा नंबर घ्यायचा असतो. साध्या नंबरवरून केलेस आणि कुणी 1909 वर तक्रार केली, तर तुझंच आउटगोइंग बंद होऊ शकतं. 140 पाहून बरेच जण उचलतच नाहीत, त्याला इलाज नाही. डीएनडीवाले नंबर यादीतून आधीच गाळून घे.

हॉटेलांना अकरा ते बारा किंवा चार ते साडेपाच. एक वाजता फोन केलास तर शिवीच खाशील, आणि ती रास्त असेल.

सोमवारी गोखले रोडची यादी घेऊन साडेदहाला ये. पहिले पाच फोन मी लावतो, तू फक्त वहीत लिही: नकार कोणत्या शब्दांत आला, आणि त्यानंतर मी काय विचारलं.

तुझा,
मागच्या टेबलावरचा काका