आवराआवरीची पुस्तके आणि साडेतीनशे चौरस फुटांचे घर

चि. सौ.,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. साडेतीनशे चौरस फुटांच्या घरात तुम्ही दोघे आणि सासूबाई अशी तीन माणसे, भरलेला माळा, झाकण बसत नाही असा बॉक्स-पलंग आणि त्यावर ‘आवराआवरीवरचे कोणते पुस्तक वाचू?’ हा तुझा प्रश्न. ग्रंथालयात नोकरी केलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला की चार नावे पुढे येणारच, परंतु चारही पुस्तके तू एका पाठोपाठ वाचावीस असे मला वाटत नाही. या पुस्तकांपैकी प्रत्येक पुस्तक एका विशिष्ट घरात जन्मले आहे आणि त्या घराचा आकार, त्यातली माणसे आणि लेखकाचे वय ठाऊक असल्याशिवाय त्यातला कोणता सल्ला तुझ्या घराला लागू पडेल हे कळत नाही.

सर्वांत गाजलेले पुस्तक जपानी लेखिका मारी कोंडो यांचे. इंग्रजीत ते 2014 मध्ये आले आणि जगभर पोहोचले. त्यांचे म्हणणे असे की खोलीनुसार नव्हे, तर प्रकारानुसार आवरावे. आधी कपडे, मग पुस्तके, मग कागदपत्रे, मग इतर किरकोळ वस्तू आणि सर्वांत शेवटी आठवणींच्या वस्तू. हा क्रम मला मोलाचा वाटतो, कारण ‘हे ठेवायचे की नाही’ हे ठरवण्याची सवय कुर्त्यांवर लागते. आईच्या पत्रांवर सुरुवात केली तर दुपार वाचण्यातच जाते आणि एकही वस्तू घराबाहेर जात नाही.

अडचण त्यांच्या दुसऱ्या सूचनेची आहे. घरातले सगळे कपडे एकाच वेळी एका जागी ओतावेत, म्हणजे आपल्याकडे नेमके किती आहे ते डोळ्यांनी दिसते, असे त्या सांगतात. कारण अगदी बरोबर आहे. मात्र तुझ्या घरात ओतायला जागा म्हणजे पलंग आणि त्याच पलंगावर रात्री झोपायचे आहे. मग रात्री दहा वाजता अर्धवट निवडलेला ढीग जसाच्या तसा पलंगाच्या पोटात कोंबला जातो, पुढच्या रविवारी पुन्हा हात लावण्याची इच्छा उरत नाही आणि दोष पुस्तकाला तरी जातो किंवा स्वतःला तरी. कपडे फार असतील तर उपप्रकार पाडावेत, असे कोंडो यांनी त्याच पुस्तकात लिहिले आहे, पण बहुतेक वाचक ते वाक्य ओलांडून पुढे जातात. तू तेवढेच धर. एका दिवशी फक्त कुर्ते, मग ते कपाटात असोत, माळ्यावरच्या बॅगेत असोत किंवा दारामागच्या खुंटीवर. दुसऱ्या दिवशी फक्त ओढण्या. ढीग जेवणाच्या वेळेआधी संपेल एवढाच असावा.

वस्तू हातात घेऊन आनंद होतो का ते पाहावे, ही त्यांची कसोटी अनेकांना भाबडी वाटते. साड्यांच्या बाबतीत ती इतर कसोट्यांपेक्षा चांगली चालते, असे माझे मत आहे. वर्षभरात वापरले नाही ते काढून टाका, हा नियम लग्नातल्या पैठणीला लावला तर ती पहिल्याच फेरीत घराबाहेर जाईल. आनंदाच्या कसोटीवर मात्र पैठणी राहते आणि रिसेप्शनला भेट आलेल्या त्याच त्या रंगाच्या सिंथेटिक साड्या जातात. कपडे खणात उभे राहतील अशी कोंडो यांची घडी मात्र टी-शर्ट आणि लेगिंगपुरतीच ठेव. जरीच्या साड्या कापडात सैल गुंडाळून ठेवाव्यात आणि अधूनमधून घडी बदलावी, नाहीतर एकाच रेषेवर जर तुटते. जाता जाता सांगते, तिसऱ्या मुलानंतर आपल्या घरात पूर्वीसारखी टापटीप राहत नाही, असे कोंडो यांनीच 2023 मध्ये मोकळेपणाने सांगितले. त्याने त्यांची पद्धत खोटी ठरत नाही. लहान मुले असलेल्या घराला वेगळी पद्धत लागते एवढेच त्यातून दिसते.

ती वेगळी पद्धत डेना व्हाइट यांच्या 2018 सालच्या पुस्तकात आहे आणि तू आधी वाचायचे ते हेच. या बाई टेक्सासमध्ये नवरा आणि मुलांसह राहणाऱ्या, स्वतःला मुळात अव्यवस्थित म्हणवणाऱ्या. त्यांचा आग्रह असा की काम कोणत्याही क्षणी थांबवावे लागले तरी घर आधीपेक्षा वाईट अवस्थेत असता कामा नये. म्हणून त्या काहीही ओतत नाहीत आणि ‘ठेवायचे’ असा ढीग तर मुळीच करत नाहीत. एकेक वस्तू उचलायची आणि तिचा निकाल तिथल्या तिथे लावायचा.

तुझ्या ओट्याखालची मोठी ट्रॉली घेऊन हे दाखवते, कारण त्यात काय असणार याचा मला अंदाज आहे. आधी उघड कचरा: हॉटेलच्या पार्सलचे पिवळे पडलेले डबे, तडकलेली झाकणे, कुकरची सैल झालेली रिंग. यात विचार करण्यासारखे काही नसते, आणि तेवढ्यानेच हात आत जाण्याइतकी जागा होते. मग ज्या वस्तूंची जागा दुसरीकडे ठरलेलीच आहे त्या, म्हणजे इथे येऊन पडलेला स्क्रू ड्रायव्हर किंवा देवघरातली निरांजने, उचलून लगेच जागेवर ठेवायच्या. ‘नंतर नेऊन ठेवू’ म्हणून बाजूला काढायच्या नाहीत. मग उघडच द्यायच्या वस्तू. त्यांच्यासाठी एक खोके घ्यावे, आणि ते स्वतःही देऊन टाकता येईल असे असावे, म्हणजे पुढे त्यातल्या वस्तू पुन्हा बाहेर काढण्याचा मोह होत नाही.

उरलेल्या वस्तूंसाठी त्यांचे दोन प्रश्न आहेत. ही वस्तू हवी झाली तर मी पहिल्यांदा कुठे शोधेन? उत्तर मिळाले की ती तिथेच नेऊन ठेवायची. कुठे ठेवणे शहाणपणाचे, हा प्रश्नच नाही. उत्तर मिळाले नाही तर दुसरा: ही वस्तू हवी झाली तर ती आपल्याकडे आहे हे मला आठवेल तरी का? समज, तुझ्या ट्रॉलीच्या तळाशी चकलीचा दुसरा सोऱ्या निघाला आणि मागच्या दिवाळीत तो न सापडल्यामुळे तू शेजारून मागून आणला होतास, तर त्या सोऱ्याचे घरात असणे आणि नसणे सारखेच होते.

शेवटची पायरी त्यांच्या पुस्तकाचा गाभा आहे: भांडे हीच मर्यादा. ट्रॉलीत पंधरा डबे मावतात, तर पंधराच राहतील. रोज लागणारे आधी आत जातील, मग कमी लागणारे, आणि सोळाव्याची वेळ आली की तो नको असतो असे नाही, तर त्याला जागा नसते. तो डबा अगदीच हवा असेल तर आतला एक बाहेर निघाला पाहिजे. माझ्या मते लहान घरासाठी याहून उपयुक्त कल्पना या पुस्तकांत नाही, कारण आवडते का, लागेल का, यावर घरात रोज वाद होऊ शकतो, पण पंधरा की सोळा यावर होत नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे असे लिहिले. तरीही आम्ही दरवर्षी पुस्तके बाद करत होतो, कारण फडताळे वर्धिष्णू नव्हती.

एक गोष्ट लक्षात ठेव. काम सुरू करण्याआधी प्लास्टिकचे खण, टोपल्या किंवा व्हॅक्यूमच्या पिशव्या आणू नकोस. पलंगातले कपडे व्हॅक्यूम पिशवीत दाबले की दोन गठ्ठ्यांच्या जागेत पाच मावतात आणि पाचही तसेच राहतात. जपानी लेखक फुमिओ सासाकी तर साठवणीची साधनेच आधी काढून टाका म्हणतात.

सासाकींचे पुस्तक जपानीत 2015 मध्ये आणि इंग्रजीत 2017 मध्ये आले. ते टोकियोत सुमारे वीस चौरस मीटरच्या, म्हणजे तुझ्याहूनही लहान घरात राहत होते, पण एकटे. त्यांच्या ताटवाटीबद्दल मत देणारे घरात दुसरे कोणी नव्हते. दुकान हेच आपले कोठार समजावे, हा त्यांचा सल्ला साबण, टिश्यू, बॅटऱ्या यांना तू निश्चिंत लाव, कारण तुझ्या इमारतीखालीच किराणा दुकान आहे. सासूबाईंच्या वर्षाच्या गव्हाला, तिखटाला आणि वाळवणाला तो लावू नकोस. ती साठवण हंगामाच्या भावाने आणि त्यांच्या हातच्या चवीने ठरलेली आहे.

यावरून सासूबाईंच्या माळ्यावरच्या पितळी भांड्यांविषयी. ती तुझी नाहीत, म्हणून त्यांचा निर्णयही तुझा नाही. घरच्यांच्या वस्तू त्यांच्या नकळत टाकण्याचा उद्योग कोंडो यांनी लहानपणी केला होता आणि पकडल्याही गेल्या होत्या. पुस्तकात त्या स्वतःच तो किस्सा सांगतात आणि फक्त आपल्या वस्तूंपासून सुरुवात करा म्हणतात. सासूबाईंच्या हाती मार्गारेटा मॅग्नुसन यांचे 2017 सालचे स्वीडिश पुस्तक पडले, तर मात्र गंमत येईल. पतीच्या निधनानंतर मोठे घर सोडून दोन खोल्यांत आलेल्या या आजींनी, आपल्या मागे मुलांवर सामानाचा भार पडू नये म्हणून जिवंतपणीच आवरायला कसे घ्यावे, ते लिहिले आहे. मोठ्या वस्तूंपासून सुरू करा आणि फोटो व पत्रे शेवटी घ्या, हा त्यांचा क्रम. पुस्तक तू त्यांना वाचायला दे म्हणत नाही. सुनेने दिले तर त्याचा वेगळाच अर्थ निघेल. विषय त्यांनीच काढला, तर कोणते पातेले कोणाला द्यावे असे वाटते एवढे विचार आणि ऐकून घे.

कागदपत्रांबाबत मात्र यांपैकी कोणाचेच ऐकू नकोस. मुळात सगळे कागद टाकायचेच या तयारीने बसा, हा कोंडो यांचा पवित्रा आपल्याकडे महागात पडेल. घराचा नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र, कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र हे एका फायलीत मूळ स्वरूपात राहिलेच पाहिजेत आणि प्राप्तिकराचे जुने कागद सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय हलवू नयेत. विजेची जुनी बिले, बंद पडलेल्या मिक्सरचे वॉरंटी कार्ड आणि लग्नपत्रिकांचा गठ्ठा रद्दीत गेला तरी चालेल.

तेव्हा पहिल्या महिन्यात व्हाइट यांचे पुस्तक आणि तुझा ओटा. दारातून आत येणाऱ्याला आधी दिसते तिथून सुरुवात करा असे त्या म्हणतात, आणि तुझ्या घरात दारातून ओटाच दिसतो. त्यानंतर कोंडो आणि कपडे, तेही एकेका उपप्रकाराने. द्यायचे खोके भरले की त्याच आठवड्यात त्याची विल्हेवाट लाव: तुमच्याकडे बोहारीण अजून येत असेल तर कपडे तिला, पत्रा आणि प्लास्टिक भंगारवाल्याला, जुने चार्जर आणि मोबाइल ई-कचरा घेणाऱ्यांकडे. बोहारणीकडून बदल्यात नवे पातेले घेऊ नकोस. ट्रॉलीत पंधराच मावतात. व्हाइट आणि कोंडो यांची पुस्तके माझ्याकडे आहेत. पुढच्या वेळी येशील तेव्हा घेऊन जा आणि वाचून झाली की परत आणून दे.

कळावे,
तुझी काकू