मराठी शब्दकोशात जोडाक्षरं आणि अनुस्वाराचे शब्द कुठे शोधायचे?

प्रश्न: अप्पा बळवंत चौकातून एक जुना मराठी शब्दकोश घेतलाय. बाराखडी येते, तरी 'कर्तव्य', 'संक्रांत', 'ज्ञान' असे शब्द शोधताना नुसती पानं उलटत बसतो. जोडाक्षरं आणि अनुस्वार नेमके कुठे असतात? पटकन शोधायची काही रीत आहे का?

उत्तर:

आधी जोडाक्षरं, कारण त्यांचा नियम सोपा आहे. एखाद्या अक्षराची बाराखडी संपली, की त्याच अक्षराचं पाय मोडलेलं रूप सुरू होतं. प, पा, पि असं करत पौ झालं, की मग प्त, प्य, प्र, प्ल. म्हणून 'प्रकाश' हा शब्द 'पौष'च्या नंतर आणि 'फ' सुरू व्हायच्या आधी येतो. त्यावरूनच शोधायची रीत निघते: जोडाक्षराचा शब्द हवा असेल तर पुढचं अक्षर जिथे सुरू होतं ते पान उघडा आणि तिथून मागे या. 'प्र'साठी 'प' उघडून पुढे जात राहिलात तर शेकडो शब्द ओलांडावे लागतात. 'फ'पासून मागे आलात तर लगेच 'प्र'मध्ये पोचता.

शब्दाच्या पोटातही हाच नियम लागतो आणि बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. तुमचा 'कर्तव्य' घ्या. रफार 'त'च्या डोक्यावर दिसतो, म्हणून नजर 'कत'कडे जाते. पण बोलताना 'र्' आधी येतो, आणि कोश उच्चाराचा क्रम पाळतो. फोड अशी: क, र्, त, व्, य. पहिलं अक्षर क, दुसरं र. आता 'कर'ने सुरू होणारे शब्द बघत जा: करवत, करार, करुणा, करोड. इथे र-ची बाराखडी संपली. मग पाय मोडका र्, पुढच्या अक्षराच्या क्रमाने: कर्ज, कर्ण, कर्तव्य, कर्म. त्यानंतर 'कल'. म्हणजे 'कल' जिथे सुरू होतो तिथून थोडं मागे आलात की 'कर्तव्य' हाती लागला. 'विद्या'ही तसाच: द् आधी, य नंतर, म्हणून 'विध'च्या जरा आधी.

दोन जोड्या इथे हमखास फसवतात. 'कृ' हे जोडाक्षर नाही, तो ऋ स्वर आहे. त्यामुळे 'कृपा' बाराखडीतच, 'कू' आणि 'के' यांच्या मध्ये मिळते, तर 'क्रम' थेट 'कौ'च्या पलीकडे. दुसरी जोडी 'ऱ्हास' आणि 'ह्रास'. पहिल्यात र् आधी आहे, म्हणून तो 'र'च्या अगदी शेवटी, 'ल'च्या आधी; दुसरा 'ह'मध्ये. एका जागी नसेल तर दुसरीकडे जरूर बघा.

अनुस्वाराचं मात्र सगळ्या कोशांत एकच धोरण नाही. तीन पद्धती आहेत. पहिलीत अनुस्वाराचे शब्द त्या अक्षराच्या अगदी सुरुवातीला येतात: आधी कंकण, कंगवा, कंप, मग कचरा, कडक. दुसरीत पाटीवरच्या वर्णमालेप्रमाणे 'अं' हा 'औ'च्या नंतर धरतात, म्हणून 'कं' येतो 'कौ'च्या मागून आणि जोडाक्षरांच्या आधी. तिसरी संस्कृत कोशांची. तिथे अनुस्वार म्हणजे पुढच्या वर्गाचं अनुनासिक धरलं जातं: कंकण म्हणजे कङ्कण, त्यामुळे तो 'कच' सुरू व्हायच्या जरा आधी.

तुमच्याकडचा कोश कोणत्या पद्धतीचा, हे 'कंगवा' शोधून कळेल. 'क'चं पहिलं पान बघा. तिथे नसेल तर 'कौ'चा शेवट बघा. तिथेही नसेल तर 'कचरा'च्या मागचं पान. जिथे सापडेल ती पद्धत पेन्सिलीने कोशाच्या आतल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे पुन्हा तपासायला नको.

आता 'संक्रांत'. 'स' हा मोठा विभाग आहे, त्यामुळे पद्धत चुकली तर बऱ्याच पानांचा फरक पडतो. पहिल्या पद्धतीत 'स'च्या पहिल्याच पानांवर जा: संकट, संकल्प, संकेत, संकोच, आणि 'क'ची बाराखडी संपली की संक्रमण, संक्रांत. मग 'संख्या'. म्हणजे 'संख्या' उघडून मागे यायचं. दुसऱ्या पद्धतीत हीच सगळी रांग जशीच्या तशी 'सौ'च्या पुढे जाते. संस्कृत पद्धतीत मात्र 'सं'चे शब्द फुटतात: संकट 'सङ्'मध्ये, संचय 'सञ्'मध्ये, संतोष 'सन्'मध्ये, संपत्ती 'सम्'मध्ये. संयम, संवाद, संशय, संसार यांच्यापुढे वर्गातलं व्यंजन नाही, म्हणून ते वेगळे राहून 'स'च्या सुरुवातीला बसतात. संस्कृत कोशात 'संसार' सापडला पण 'संतोष' नाही, असं झालं तर कारण हे.

कोश जुना आहे म्हणालात, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. मराठी साहित्य महामंडळाचे नियम 1962 साली आले आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार लेखनातून गेले. त्याआधीच्या कोशांत ते असतात. पुण्यात 1932 ते 1938 या काळात निघालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश त्याच आधीच्या काळातला. अशा कोशात 'नाव' बघायचा तर 'नांव' बघा, 'काही' हवा तर 'कांहीं', 'पाच' हवा तर 'पांच'. शब्द कोशात नाहीच असं वाटलं, की आधी त्यावर अनुस्वार देऊन बघा. करणें, जाणें अशा शब्दांच्या शेवटच्या अनुस्वाराने जागा फारशी बदलत नाही. पहिल्या अक्षरावरच्या अनुस्वाराने मात्र शब्द पार दुसऱ्या पानावर जातो.

राहिले क्ष आणि ज्ञ. काही कोश त्यांना वर्णमालेप्रमाणे अगदी शेवटी, ळ-नंतर ठेवतात, काही साधी जोडाक्षरं मानतात. दुसऱ्या प्रकारात क्ष म्हणजे क्+ष, म्हणून 'क्षण' हा 'क्वचित'च्या नंतर आणि 'ख'च्या तोंडाशी. ज्ञ म्हणजे ज्+ञ, आणि ञ हा य-व यांच्या आधीचा, म्हणून 'ज्ञान' ज-च्या जोडाक्षरांत आधी: ज्ञान, ज्येष्ठ, ज्योत, ज्वारी. या बाबतीत 'अक्षर' हा शब्दही शोधून बघा. तो 'अख'च्या आधी मिळाला तर शब्दाच्या पोटात क्ष जोडाक्षर धरला आहे. 'अ'च्या अगदी शेवटी मिळाला तर स्वतंत्र अक्षर. 'आज्ञा', 'साक्षी' याच मापाने शोधता येतील.

ळ छापील मराठी कोशात सहसा ह-नंतर असतो, म्हणून 'बाळ' आणि 'बाळंतीण' 'बा'च्या शेवटी बघा. संगणकावर तयार केलेली यादी नुसत्या युनिकोड क्रमांकांनी लावली असेल तर ळ (U+0933) ल आणि व यांच्या मध्ये येतो. त्याच यादीत अनुस्वार (U+0902) सगळ्या व्यंजनांच्या आधी आणि हलन्त (U+094D) औ-च्या मात्रेनंतर, म्हणजे ती वरच्या पहिल्या पद्धतीने चालते आणि जोडाक्षरंही ठरल्या जागी पडतात.