बाळ जन्मल्यावर रडलं नाही तर नाळ लगेच कापायची की थांबायचं?

आधी पुसायचं, आणि पुसूनही श्वास सुरू झाला नाही तर मात्र न थांबता नाळ क्लॅम्प करून कापायची आणि बॅग-मास्कने श्वास द्यायला घ्यायचं. मी लेबर रूममध्ये नर्स आहे, ट्रेनिंगमध्ये आम्हाला हेच घोटून घेतात. बाळ आईच्या पोटावर घेऊन कोरड्या उबदार टॉवेलने डोकं, पाठ, हातपाय नीट पुसायचे, ओला टॉवेल काढून टाकायचा, पुसण्यानेच बरीचशी बाळं श्वास घेतात, नाहीच घेतला तर पाठीवरून २-३ वेळा चोळायचं आणि बास, उलटं धरून फटके अजिबात नाही. चोळतच बसलं की हार्ट रेट खाली जायला लागतो, म्हणून बॅगने श्वास देणं जन्मापासून ६० सेकंदांच्या आत सुरू झालं पाहिजे. प्रत्येक श्वासाला छाती वर येते का बघा, येत नसेल तर बहुतेक वेळा मास्कच्या कडेने हवा निसटत असते नाहीतर मान पुढे वाकलेली असते. फक्त एक, रडणं आणि श्वास वेगळे: बाळ न रडता शांतपणे नीट श्वास घेतंय, हातपाय हलवतंय, तर घाई नको, नाळ १ ते ३ मिनिटं तशीच राहू द्या, तेवढ्यात वारेतलं बरंच रक्त बाळाला मिळतं.